पहिलं पाऊल पडायच्या आत: सकाळच्या ऑफिस-सफाईचं वेळापत्रक असं बसवा

लातुरात औसा रोडवरच्या एका दुमजली ऑफिसचं सफाईचं काम मी पहिल्यांदा घेतलं, तेव्हा मालकांना विचारलं, "ऑफिस किती वाजता सुरू होतं?" ते म्हणाले, "साडेनऊ." मी नऊपर्यंत काम उरकायचं असं धरून माणसं लावली. तिसऱ्याच दिवशी पावणेनऊला अकाउंटचे एक गृहस्थ आले, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून आपल्या टेबलापर्यंत चालत गेले, आणि त्यांच्या मागे दारापासून खुर्चीपर्यंत बुटांची रांग उमटली. आमची मावशी हातात मॉप घेऊन तशीच उभी. "आता हे परत पुसू का, साहेब?" काय उत्तर देणार? चूक तिची नव्हती. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

ऑफिस किती वाजता सुरू होतं हे विचारण्यापेक्षा पहिला माणूस किती वाजता आत येतो हे विचारा. ते मालकालाही नीट माहीत नसतं. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये मात्र असतं. काम सुरू करण्याआधी महिनाअखेर धरून आठवडाभराची पानं बघा आणि सर्वात लवकरची वेळ लिहून ठेवा. सरासरी काढू नका. पाच दिवस सव्वानऊला येणारा माणूस महिनाअखेरीला पावणेनऊला येत असेल, तर तुमची वेळ पावणेनऊच. आमच्या या ऑफिसात ती 8:45 निघाली, आणि पुढचं सगळं गणित मी या एका आकड्यापासून उलटं मांडलं.

उलटं मोजायला लागा

नवीन सुपरवायझर सहसा सुरुवातीपासून मोजतो. सहाला आलो, दोन तास काम, आठला मोकळे. यात फरशी वाळायचा वेळ कुणीच धरत नाही. म्हणून शेवटाकडून सुरुवात करा.

8:45 ला पहिलं पाऊल. त्याआधी वीस मिनिटं राखीव ठेवा, कारण रोज काहीतरी अडतंच. म्हणजे 8:25. त्याआधीची वीस मिनिटं तुमच्या फेरीची: संडासात डोकावायचं, एखाद्या टेबलावरून बोट फिरवायचं, राहिलेलं करून घ्यायचं. म्हणजे 8:05 ला सगळ्यांच्या हातातली कामं संपलेली हवीत आणि बादल्या जागेवर गेलेल्या हव्यात. फरशीचा शेवटचा हात त्याच्याही दहा मिनिटं आधी, 7:55 ला फिरलेला हवा.

आपल्याकडे नोव्हेंबर ते मे हवा कोरडी असते. नीट पिळलेल्या मॉपने पुसलेली व्हिट्रिफाइड टाइल पंखा लावला की दहा-पंधरा मिनिटांत वाळते. कोटा किंवा शहाबादी फरशी पाणी पिते, तिला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात हाच वेळ दुपटीच्या जवळ जातो. फरशी वाळली की नाही हे उभं राहून कळत नाही. खिडकीकडे तोंड करून खाली वाका आणि तिरकं बघा. ओला पट्टा चमकतो, वाळलेली जागा मंद दिसते.

आता कामं मोजा, माणसं नंतर

पहिल्या दिवशी मी एकाच माणसाला घेऊन सगळं ऑफिस केलं आणि प्रत्येक कामाला घड्याळ लावलं. हा दिवस वाया गेला असं समजू नका. दुसऱ्याच्या ऑफिसचे आकडे तुमच्या ऑफिसला लागू पडत नाहीत.

आमच्याकडे 44 टेबलं होती, 24 खाली आणि 20 वर. वर तीन केबिन आणि एक मीटिंग रूम. दोन्ही मजल्यांवर दोन-दोन संडास, खाली पँट्री. एका माणसाला टेबलं पुसायला 70 मिनिटं लागली, केबिन आणि मीटिंग रूमला 40, केर काढायला 60, ओला मॉप फिरवायला 70, चार संडासांना 80, रिसेप्शन, काचेचं दार आणि जिन्याला 40, कचऱ्याचे डबे रिकामे करायला 25, पँट्रीला 25. पाणी भरणं, बदलणं, सामान आवरणं याची 40. हे शेवटचं कुणीच धरत नाही, आणि सगळा उशीर तिथेच होतो. एकूण 450 मिनिटं, म्हणजे साडेसात तास.

यातली 50 मिनिटं मी लगेच कमी केली. डबे आणि पँट्री सकाळी करायचीच नाहीत असं ठरवलं. ऑफिसचा शिपाई संध्याकाळी निघताना चहाचे कप धुतो आणि डब्यातल्या पिशव्या बाहेर ठेवतो. उरलेलं अन्न रात्रभर पँट्रीत राहिलं की सकाळी मुंग्या आणि उंदरांच्या लेंड्या साफ करण्यात वेगळा वेळ जातो. तेव्हा यात शिपायाचा फायदा नसला तरी ऑफिसचा आहे, आणि मालकाला तसंच सांगितलं की तो ऐकतो.

उरली 400 मिनिटं.

सात वाजण्याची रेघ

चार माणसं लावली तर 400 मिनिटांचं काम शंभर मिनिटांत होतं. मग साडेसहाला सुरू करा, सव्वाआठपर्यंत आवरा. कागदावर सोपं दिसतं. पण आपल्याकडच्या सफाईच्या टोळीत बायाच जास्त असतात, आणि इथे कायदा मध्ये येतो.

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात बायांच्या कामाची वेळ सकाळी 7 ते रात्री 9:30 अशी आहे. या वेळेबाहेर काम द्यायचं तर त्या बाईची संमती लागते, तिच्या सुरक्षेची आणि सन्मानाची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंतच्या वाहनाची सोयही करावी लागते. "मावशी, उद्यापासून सहाला या" असं तोंडी सांगून हे होत नाही. ठेकेदार सहसा हे कलम वाचत नाहीत, आणि एखादी गोष्ट घडल्यावर मग धावपळ होते.

कायदा बाजूला ठेवला तरी सकाळ तीच असते. जानेवारीत लातुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. सहाला सगळीकडे अंधार, शेअर रिक्षा सुरू झालेल्या नसतात, आणि एकटी बाई कोपऱ्यावर वाट बघत उभी. जूनमध्ये पावणेसहालाच उजाडतं, तेव्हा हीच वेळ तिला अडचणीची वाटत नाही. म्हणून उन्हाळ्यात विचारून घेतलेली संमती हिवाळ्यातही लागू आहे असं धरू नका.

मी दोन टप्पे केले. दोन गडी सहाला येतात, तिघी मावश्या सातला. कुणा मावशीला सातच्या आधी आणायचं नाही, आणि गाडीचा खर्चही नाही. पाच जणांचा पगार चौघांपेक्षा जास्त जातो हे खरं, पण चौघांनाच सातला आणलं असतं तर काम 8:40 ला संपलं असतं, म्हणजे फेरी नाही, राखीव वेळ नाही आणि फरशीही ओलीच. गाडीची सोय तुम्हाला परवडत असेल आणि बायांची मनापासून तयारी असेल तर चौघांत भागवा. दोन्ही हिशेब मांडून बघा.

सहापासून आठपर्यंत

आमच्या पाच जणांची सकाळ अशी बसली.

6:00 ला दोघे येतात. दिवे लावणं, मोटर बघणं, बादल्या भरणं यात पहिली दहा मिनिटं जातात. मग दोघेही सरळ वरच्या मजल्यावर. टेबलं आणि केबिन दोघांत 35 मिनिटांत होतात, म्हणजे 6:45. त्यानंतर एक जण वरचा केर घेतो, 7:15 पर्यंत. दुसरा खाली येऊन खालची टेबलं सुरू करतो.

7:00 ला मावश्या येतात. पाच-सात मिनिटांत हातमोजे, फडकी, बादली. दोघी संडासांकडे जातात, प्रत्येकीला दोन. एकेकाला वीस मिनिटं, म्हणजे 7:47 ला मोकळ्या. तिसरी रिसेप्शन आणि काचेचं दार करते, आणि 7:20 ला वरच्या मजल्यावर ओला मॉप घेऊन जाते. तोवर वरचा केर निघालेला असतो. 7:55 ला ती खाली उतरते.

वरचा केर संपवून आलेला गडी खालच्या टेबलांना हात लावतो. दोघे मिळून 7:20 ला टेबलं संपवतात, 7:35 ला केर काढून होतो, आणि 7:55 पर्यंत खालचा मॉप. संडासातून मोकळ्या झालेल्या मावश्या शेवटी जिना घेतात आणि सामान आवरतात. 8:05.

जिना शेवटी का, हे नव्या माणसाला सांगावंच लागतं. वरचे चौघे-पाच जण बादल्या घेऊन त्याच जिन्याने चढतात-उतरतात. आधी पुसला तर दोनदा पुसावा लागतो. तीच गोष्ट वरच्या मजल्याची: वर आधी, खाली नंतर. मागे सरकत, दाराकडे येत पुसायचं हे घरी सगळ्यांना माहीत असतं, पण मोठ्या हॉलमध्ये माणूस कुठूनही सुरुवात करतो आणि शेवटी स्वतःच कोपऱ्यात अडकतो. आमच्या एका गड्याने तर मोकळं व्हायच्या वेळी खिडकीच्या कट्ट्यावर चढून दहा मिनिटं काढली. चहाला उशीर झाला म्हणून सगळे हसले, तोही हसला, पण दुसऱ्या दिवशी सुरुवात भिंतीकडूनच केली.

टेबल आधी की केर आधी?

वरून खाली, असं सगळे सांगतात. टेबलं पुसा, मग केर काढा. घरात हे ठीक आहे. मराठवाड्यातल्या ऑफिसात, विशेषतः मार्च ते मे, हे अर्धंच खरं आहे. काळ्या मातीची बारीक धूळ फुलझाडूने उडते, बराच वेळ हवेत तरंगते आणि पुन्हा त्याच टेबलावर बसते. तुम्ही सातला टेबल चकाचक करून गेलात तरी साडेनऊला साहेबांनी बोट फिरवलं की रेघ उमटते, आणि तक्रार येते "आज कुणी पुसलंच नाही".

आम्ही यावर दोन गोष्टी केल्या. मोठ्या हॉलमध्ये फुलझाडू बंद करून रुंद डस्ट मॉप आणला, जो धूळ ढकलतो, उडवत नाही. तो नसेल तर झाडू जमिनीला चिकटवून, लहान फटक्यांत ओढायचा. दुसरं म्हणजे टेबलाला कोरडं फडकं नाही, पिळून काढलेलं ओलसर फडकं. कोरड्याने धूळ एका टेबलावरून उठून शेजारच्यावर जाते. फक्त की-बोर्ड, स्वीचबोर्ड आणि प्लगच्या आसपास ओलसर फडकं नेऊ नका, तिथे कोरडाच हात.

आणि टेबलं पुसताना पंखा बंद. मॉप झाल्यावर चालू. हे उलटं झालं की धूळही उडते आणि फरशीही ओली राहते. किती वेळा उलटं होतं ते मी मोजणं सोडून दिलं आहे.

पाणी नसलं तर वेळापत्रक कागदावरच

लातूरकराला पाण्याबद्दल सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेवढं टोक रोज नसतं, पण नळ रोज येत नाही, आणि सकाळी सहाला लाइट गेलेली असली तर मोटर चालत नाही. वरची टाकी रिकामी आणि संडासात पाणी नाही, असं महिन्यातून एखादेवेळी होतंच.

आमच्या ऑफिसचा सकाळचा खर्च मोजला तर पंधरा लिटरच्या अठरा बादल्या, म्हणजे 270 लिटर निघाला. त्यातल्या दहा फरशीला आणि आठ संडासांना. म्हणून आम्ही खाली 200 लिटरचा एक ड्रम ठेवला आणि शिपायाकडून तो संध्याकाळी भरून घेतला. टाकी दगा देते त्या दिवशी या ड्रमात चारही संडास आणि एक मजला निघतो. दुसरा मजला त्या दिवशी फक्त डस्ट मॉपने. फरशी एक दिवस पुसली नाही तर कुणी ओरडत नाही, संडास धुतला नाही तर नऊ वाजता फोन येतो.

बोअरचं पाणी जड असतं. काच आणि स्टीलचे नळ त्याने धुऊन तसेच सोडले की पांढरे डाग पडतात. वायपर मारून लगेच कोरड्या फडक्याने पुसा, पाणी काचेवर वाळू देऊ नका. डाग जुने असतील तर आम्ल लागतं, आणि आम्लाबरोबर आठवण द्यायची गोष्ट आहे: संडासाचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, एकाच भांड्यात ओतू नका, लागोपाठही नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहाटे खिडक्या बंद असतात आणि संडास लहान, तिथे हे जास्त धोक्याचं. नवीन माणूस "दोन्ही टाकले तर जास्त स्वच्छ होईल" या चांगल्या मनानेच हे करतो. आम्ही एका ऑफिसात एकच औषध ठेवतो, दुसरं आणतच नाही.

चावी, वॉचमन आणि न आलेला माणूस

माझ्या हिशेबात सकाळ बिघडवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर चावीचा. वॉचमनकाका झोपलेले, शटरचं कुलूप गंजलेलं, किंवा चावी ज्या साहेबांकडे ते गावाला. सहाला दोघं बाहेर बसले की वीस मिनिटं सहज जातात, आणि ती वीस राखीव मिनिटं संपली. चावीच्या दोन प्रती करून एक वॉचमनकडे आणि एक सहाला येणाऱ्यांपैकी जबाबदार माणसाकडे ठेवा. कोणत्या तारखेला कुणी घेतली याची सही घ्या, नाहीतर एखादा लॅपटॉप हरवला की तुमच्या माणसाकडे बोट जातं.

दुसरा नंबर गैरहजेरीचा. येत नसाल तर साडेपाचच्या आधी ग्रुपवर आवाज टाका, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. "साहेब, पोराला ताप आलाय, आज न्हाई जमत." एवढंच पुरतं. कारण विचारत बसायचं नाही. मग माझ्या डोक्यात एक क्रम तयार असतो: पाचाचे चार झाले तर संडास पूर्ण, रिसेप्शन पूर्ण, फरशीवर फक्त ये-जा असलेली पट्टी, आणि वरच्या टेबलांपैकी निम्मी उद्यावर. पाचाचे तीन झाले तर केबिन सोडतो आणि मालकांना सात वाजताच फोन करून सांगतो. साडेनऊला त्यांनी विचारल्यावर सांगणं आणि सातला आपण होऊन सांगणं यात फार फरक पडतो.

कोणतं काम उद्यावर गेलं ते वहीत लिहा. आमच्या वहीत तीन रकाने आहेत: ठरलेली वेळ, झालेली वेळ, काय राहिलं. महिनाभराने ती चाळली तर दिसतं की सोमवारी जिना कायम उशिरा होतो, कारण रविवारच्या धुळीमुळे खालचा केर लांबतो. मग सोमवारी एक गडी पंधरा मिनिटं आधी बोलवायचा, एवढीच दुरुस्ती.

पाऊस सुरू झाला की

जूनमध्ये वेळापत्रक बदलावं लागतं, पण सगळंच नाही. आम्ही दोघा गड्यांना सहाऐवजी पावणेसहाला बोलावतो, उजेडही असतो. ते टेबलं पंधरा मिनिटं आधी संपवतात, केर आधी निघतो आणि खालचा मॉप 7:40 ला संपतो. मावश्यांची वेळ सातच राहते. मॉप दुप्पट पिळायचा आणि पंखे फुल्ल. दारात काथ्याची दोन पायपुसणी, एक बाहेर आणि एक आत, कारण काळी माती बुटाला चिकटून आत आली की दहा पावलांत सकाळची मेहनत गेली. बाहेरचं पायपुसणं रोज झटका, नाहीतर तेच माती वाटायला लागतं.

गेल्या पावसाळ्यात अकाउंटच्या त्या गृहस्थांनी मला दारातच थांबवलं. मी धसकलो, म्हटलं पुन्हा ठसे. ते म्हणाले, "अहो, तुमच्या मावश्यांना सांगा, आज माझं टेबल राहिलं." मी वही उघडून दाखवली. त्या दिवशीच्या "काय राहिलं" या रकान्यात वरची दहा टेबलं होती आणि त्यांचं टेबल चौथं. "उद्या सकाळी पहिलं तुमचंच," म्हटलं. ते चप्पल पायपुसण्यावर घासत आत गेले.